सोलरच्या सेल्स टीमचं बॅटल कार्ड कसं एडिट करायचं: ग्राहकाची शंका, छोटं उत्तर आणि पुरावा पटकन सापडेल असं

घरगुती रूफटॉप सोलर विकणाऱ्या बऱ्याच छोट्या-मोठ्या व्हेंडरकडे एक पीडीएफ असतं, त्याला बॅटल कार्ड म्हणतात, आणि नवीन लागलेल्या पोराला पहिल्याच दिवशी ते व्हॉट्सअॅपवर पाठवतात की हे वाच, ग्राहकाने काही विचारलं तर यात सगळं आहे. आणि खरंच सगळं असतं त्यात. कंपनी कधी सुरू झाली, पॅनलची टेक्नॉलॉजी, सरकारी योजना, स्पर्धक कोण कोण, सहा-सात पानं भरून. फक्त ग्राहकाने "गच्ची गळेल का हो?" विचारलं की त्या पोराला उत्तर मिळत नाही, कारण ते चौथ्या पानावर "माउंटिंग स्ट्रक्चर" या मथळ्याखाली तिसऱ्या परिच्छेदात असतं.

तुमच्याकडे असं कार्ड एडिट करायचं काम आलं असेल आणि तुम्ही हे पहिल्यांदाच करत असाल तर हा लेख तुमच्यासाठी. मी ३ किलोवॅटच्या घरगुती सिस्टीमचंच उदाहरण घेतोय, कारण पीएम सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये आल्यापासून महाराष्ट्रात गल्लोगल्ली याचीच विक्री चाललीय, आणि सबसिडी, महावितरणचं बिल, नेट मीटर हे सगळं एकत्र आल्यामुळे ग्राहकाच्या शंका पण भरपूर आहेत.

एक गोष्ट डोक्यात पक्की ठेवा, पुढचं सगळं त्यावरून ठरतं. हे कार्ड ऑफिसात बसून वाचायचं नाहीये. रेप म्हणजे आपला विक्रीला फिरणारा पोरगा, तो ग्राहकाच्या हॉलमध्ये बसलेला असतो, काकू चहा ठेवायला आत गेल्यात, काका समोर बसून शंका विचारतायत, आणि रेपच्या हातात मोबाईल आहे. त्याला तीन गोष्टी या क्रमाने लागतात: शंका सापडली पाहिजे, उत्तर बोलता आलं पाहिजे, आणि ते खरं आहे हे दाखवता आलं पाहिजे. या तिन्हीत जे बसत नाही ते कार्डातून बाहेर. फेकून द्यायचं नाही, वेगळी ट्रेनिंगची फाईल करा आणि तिकडे टाका, पण कार्डात नको.

आधी शंका गोळा करा, त्या पण जशाच्या तशा

जुन्या कार्डातले मथळे बघा. "किंमत", "गुणवत्ता", "विश्वासार्हता", "विक्रीपश्चात सेवा". हे मथळे ऑफिसातल्या माणसाने पाडलेत. ग्राहक कधीच "मला विश्वासार्हतेबद्दल शंका आहे" असं म्हणत नाही, तो म्हणतो "तुम्ही दोन वर्षांनी गायब झालात तर?" रेपच्या डोक्यात हेच वाक्य घुमत असतं आणि कार्डात त्याची नजर हेच वाक्य शोधते.

म्हणून पहिलं काम, फिल्डवरच्या पोरांकडून वाक्यं जमवा. मीटिंग बोलावून "ग्राहक काय काय ऑब्जेक्शन घेतात" असं विचारलं तर सगळे "रेट, सर, रेट" एवढंच सांगतात, म्हणून दोन-तीन व्हिजिटला स्वतः सोबत जा आणि गप्प बसून ऐका. ते जमत नसेल तर टीमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर मागे जाऊन बघा, तिथे रेप मॅनेजरला लाईव्ह विचारत असतात, "सर ग्राहक विचारतोय लाईट गेल्यावर चालेल का, काय सांगू?" हा तुमचा सोन्याचा साठा. तो मेसेज आला याचा अर्थच हा की त्या क्षणी कार्ड कामाला आलं नाही.

सगळी वाक्यं एका शीटमध्ये टाका, एकाच अर्थाची एकाखाली एक लावा, आणि कुठली किती वेळा आली त्याच्या खुणा करा. बहुतेक ठिकाणी हीच पाच-सहा वर येतात:

"दुसरा वीस हजार कमी सांगतोय."
"सबसिडी खरंच मिळते का?"
"पावसाळ्यात काय, चार महिने बंदच की!"
"लाईट गेली तर सोलरवर घर चालेल ना?"
"गच्ची गळेल."
"बिल शून्य येणार ना नक्की?"

शेवटचं वाक्य शंका वाटत नाही, पण ते सगळ्यात धोक्याचं आहे, त्याच्याकडे नंतर येतो.

कार्डात एवढ्याच घ्या. वर्षातून एकदा येणारी शंका कार्डात टाकली की रोज येणारी शंका खाली ढकलली जाते. क्वचित येणाऱ्यांसाठी शेवटी एक ओळ ठेवा की अमुक विषयाला टेक्निकलवाल्यांना फोन लाव, झालं.

मथळा ग्राहकाच्या तोंडचा, आणि खाली शोधायचे शब्द

प्रत्येक शंकेचा मथळा म्हणजे ग्राहकाचं वाक्य, अवतरणात, ठळक. पण एकच शंका वेगवेगळ्या भागात वेगवेगळ्या शब्दात येते. कोणी गच्ची म्हणेल, कोणी टेरेस, कोणी स्लॅब, कोणी धाबं. रेप मोबाईलमध्ये फाईल उघडून सर्च करतो तेव्हा तो जो शब्द टाकेल तो तिथे असला पाहिजे. म्हणून मथळ्याखाली बारीक अक्षरात एक ओळ द्या: गच्ची, टेरेस, स्लॅब, गळती, लिकेज, ड्रिल. दिसायला विचित्र दिसते ही ओळ, डिझाईन करणारा ती काढून टाकायला बघेल, काढू देऊ नका. आणि पीडीएफ इमेजमधून बनवलेलं असेल तर सर्च चालतच नाही, हे आधी तपासून घ्या, बऱ्याच वेळा डिझायनर पूर्ण पान एक चित्र म्हणून देतो आणि मग कितीही शब्द टाका, सापडत नाही. टायपिंगचा पण एक घोळ असतो, जुन्या फॉन्टमध्ये टाईप केलेलं मराठी दिसतं बरोबर पण सर्चला सापडत नाही, युनिकोडमध्येच पाहिजे.

क्रम कसा लावायचा? विषयवार नको, व्हिजिटमध्ये जशा शंका येतात तसा लावा. साधारणपणे सुरुवातीला सबसिडी आणि बिल, मग गच्चीवर जाऊन बघताना गळती आणि पाऊस, आणि खाली येऊन कोटेशन दाखवलं की दुसऱ्याचा रेट. रेपला हा क्रम हाताला लागलेला असतो, त्यामुळे दोन-चार दिवसात त्याला कुठली शंका फाईलमध्ये कुठे आहे ते पाठ होतं.

उत्तर: मोठ्याने वाचून बघा

आता मुख्य काम. जुन्या कार्डातलं लाईट जाण्याबद्दलचं उत्तर साधारण असं असतं:

"आमच्या ऑन-ग्रिड प्रणालीमध्ये अत्याधुनिक ग्रिड-टाय इन्व्हर्टर वापरण्यात येतो, ज्यामुळे ऊर्जेचा कार्यक्षम वापर होतो व अतिरिक्त वीज ग्रिडला निर्यात केली जाते. सुरक्षिततेच्या दृष्टीने इन्व्हर्टरमध्ये अँटी-आयलँडिंग संरक्षण दिलेले असून ग्रिड अनुपलब्ध असताना प्रणाली स्वयंचलितपणे कार्य थांबवते."

यात चूक काहीच नाही. पण काकांनी विचारलं होतं "चालेल ना?" आणि उत्तर आहे "नाही". ते "नाही" पार शेवटच्या शब्दात लपलंय. नवीन रेप हे वाचतो, अर्ध्यात त्याला वाटतं काहीतरी भारी फीचर आहे, आणि तो "हो हो काका, सगळं ऑटोमॅटिक आहे" म्हणून मोकळा होतो. सिस्टीम बसल्यावर पहिल्यांदा लाईट जाते आणि मग जो फोन येतो तो घ्यायची कोणाची इच्छा नसते.

एडिट करून असं:

"नाही काका, लाईट गेली की ही सिस्टीम पण बंद होते. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. तुमचा घरचा इन्व्हर्टर-बॅटरी आहे तो तसाच चालू राहील."

इथे तीन गोष्टी केल्या. उत्तर पहिल्या शब्दात आणलं. कारण एका वाक्यात दिलं, आणि असं कारण जे काकांना पटतं, कारण वायरमन त्यांना रोज दिसतो, अँटी-आयलँडिंग दिसत नाही. आणि तिसऱ्या वाक्यात त्यांची खरी काळजी घेतली, की म्हणजे अंधारात बसायचं का. शब्द बोलायचे वापरले, लिहायचे नाही. "प्रणाली", "अनुपलब्ध", "निर्यात" हे शब्द हॉलमध्ये बसून कोणी बोलत नाही.

लांबीचं माप सोपं आहे. फोनवर स्टॉपवॉच लावा आणि नेहमीच्या वेगाने मोठ्याने वाचा. १५ सेकंदात संपलं पाहिजे. त्याच्या वर गेलं तर बहुतेक वेळा दोन उत्तरं एकात घुसलेली असतात, त्यातलं एक काढा. आणि वाचताना जिथे जीभ अडखळते ते वाक्य बदला, तिथे रेपची पण अडखळणारच.

उत्तराच्या आधी एक छोटी ओळ अजून ठेवा, "आधी विचार". कारण तेच वाक्य दोन ग्राहक वेगळ्या कारणाने बोलतात. लाईटच्या शंकेत "आधी विचार: तुमच्याकडे लाईट दिवसाला किती वेळ जाते?" कधीतरी अर्धा तास जात असेल तर वरचं उत्तर बास. गावाकडे रोज चार-सहा तास जात असेल तर ऑन-ग्रिड दिवसाउजेडी तेवढा वेळ बंदच राहणार, म्हणजे वीजसुद्धा कमी बनणार, आणि तिथे बॅटरीवाली हायब्रिड सिस्टीम दाखवायला हवी, जी महाग असते. हे न विचारता उत्तर दिलं तर उत्तर बरोबर पण विक्री चुकीची. प्रश्न मात्र एकच ठेवा, दोन प्रश्न झाले की ती चौकशी वाटायला लागते.

सबसिडीच्या शंकेत हा "आधी विचार" तर सगळ्यात जास्त उपयोगी पडतो: "काका, लाईट बिल कोणाच्या नावावर आहे?" आपल्याकडे कितीतरी घरात बिल अजून वारलेल्या वडिलांच्या किंवा आजोबांच्या नावावर येतं. अर्ज बिलावरच्या नावाशी जुळला पाहिजे, म्हणजे आधी महावितरणकडे नाव बदलून घ्यायला लागतं. हे पहिल्याच व्हिजिटला कळलं तर काम सरळ होतं, आणि पैसे भरल्यावर कळलं तर ग्राहकाला वाटतं की फसवलं.

पुरावा: एका शंकेला एकच, आणि हातात धरून दाखवता येईल असा

जुन्या कार्डात पुरावा म्हणून "हजारो समाधानी ग्राहक" असं काहीतरी असतं. तो पुरावा नाही, ते पण एक विधानच आहे. ग्राहक स्वतः तपासू शकेल किंवा डोळ्याने बघू शकेल तो पुरावा. मी तीन प्रकारचे धरतो: सरकारी किंवा कंपनीचा कागद, आधी बसवलेल्या जवळच्या ग्राहकाची नोंद, आणि ग्राहकाच्या स्वतःच्या बिलावर केलेला हिशोब. तिसरा सगळ्यात जड, कारण त्यात तुमच्यावर विश्वास ठेवायची गरजच पडत नाही.

सबसिडीसाठी कागद चालतो. निवासी घराला पहिल्या २ किलोवॅटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्या किलोवॅटला १८,०००, म्हणजे ३ किलोवॅटला ७८,०००, आणि त्याच्या वर कितीही मोठी सिस्टीम घेतली तरी ७८,००० च. हे pmsuryaghar.gov.in वर ग्राहक स्वतः बघू शकतो, म्हणून पुराव्याच्या ओळीत आकडा लिहू नका फक्त, "साईट उघडून दाखव" असं लिहा. उत्तर असं होईल: "काका, सबसिडी आमच्याकडे येतच नाही, सरकार थेट तुमच्या बँक खात्यात टाकतं. पूर्ण पैसे आधी तुम्ही भरायचे, सिस्टीम बसून नेट मीटर लागून तपासणी झाली की ७८ हजार तुमच्या खात्यात येतात." इथे "पूर्ण पैसे आधी तुम्ही भरायचे" हे वाक्य एडिट करताना कोणीतरी मॅनेजर खोडायला सांगेल, की ग्राहक घाबरेल. ठेवाच. रेप जर "सबसिडी जाऊन इतके" एवढंच बोलला तर ग्राहक तेवढेच पैसे तयार ठेवतो आणि मग सगळं अडतं. लोन हवं असेल तर तो वेगळा मुद्दा, त्याचा व्याजदर कार्डात आकड्यात लिहू नका, तो बदलत राहतो, "बँकेचा आजचा दर विचारून सांग" एवढंच.

पावसाच्या शंकेला कागद कमी पडतो. १ किलोवॅट वर्षाच्या सरासरीने दिवसाला ४ युनिटच्या आसपास देतं, म्हणजे ३ किलोवॅटचे दिवसाला १२ आणि महिन्याला ३६० च्या आसपास. पण सरासरी म्हणजे एप्रिलमध्ये जास्त आणि जुलैमध्ये कमी, आणि काका नेमकं जुलैचंच विचारतायत, त्यांना सरासरी सांगून त्यांच्या प्रश्नाला बगल दिल्यासारखं होतं. इथे त्याच गावातल्या किंवा तालुक्यातल्या तुमच्या ग्राहकाच्या इन्व्हर्टरच्या अॅपचे दोन स्क्रीनशॉट लावा, एक एप्रिलचा एक जुलैचा, शेजारी शेजारी. त्या ग्राहकाची परवानगी घेऊन, नाव आणि ग्राहक क्रमांक झाकून. जुलैचा आकडा कमी दिसेल, दिसू द्या. उत्तर: "कमी बनते, पण बंद नसते, हा बघा आपल्याच गावातला जुलै. उन्हाळ्यात जास्तीची वीज नेट मीटरमधून जमा होते, ती पावसाळ्यात वापरली जाते." जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यांना वळते होतात आणि हिशोब आर्थिक वर्षाच्या शेवटी, मार्चअखेर, होतो. त्यामुळे सिस्टीम नोव्हेंबर-डिसेंबरात बसली तर मार्चअखेरपर्यंत जमा व्हायला थोडेच महिने मिळतात, ही गोष्ट रेपला माहीत पाहिजे पण ती उत्तरात नको, अशा ब्लॉकच्या खाली "अजून विचारलं तर" अशी एक जादा ओळ ठेवा आणि तिथे टाका.

नाशिकच्या रेपला सांगलीचा स्क्रीनशॉट देऊ नका. आकड्यात फार फरक नसेल कदाचित, पण ग्राहकाला आपल्या इथलं बघायचं असतं. फाईल एकच ठेवून पुराव्याच्या जागी जिल्हावार फोल्डरची लिंक द्या, म्हणजे कार्ड सहा वेळा बनवायला लागत नाही.

"बिल शून्य" आणि काय बोलू नये त्याची ओळ

आता ते धोक्याचं वाक्य. ग्राहक आनंदाने म्हणतो "म्हणजे बिल शून्य ना?" आणि रेपला "हो" म्हणायचा मोह होतो, कारण डील समोर दिसतंय. पण महावितरणच्या बिलात स्थिर आकार असतो, तो सोलर लावलं तरी येतोच. त्यात वापर सिस्टीमपेक्षा जास्त झाला, म्हणजे उद्या घरात एसी आला, तर वरच्या युनिटचं बिल पण येणार.

म्हणून प्रत्येक शंकेच्या खाली एक लाल ओळ ठेवा, "हे बोलू नको". जास्तीत जास्त एक वाक्य. इथे: "बिल शून्य येईल असं बोलू नको, व्हॉट्सअॅपवर लिहून तर अजिबात देऊ नको." आणि वर उत्तर: "काका, युनिटचे पैसे जवळजवळ जातील, पण स्थिर आकार राहतो. तुमचं बिल आणा, त्यावरच दाखवतो."

मग हिशोब ग्राहकाच्या बिलावर. बिलावर मागच्या बारा महिन्यांचा वापर छापलेला असतो. समजा सगळ्याची सरासरी महिना २८० युनिट निघाली. ३ किलोवॅटचे ३६० च्या आसपास म्हणजे सरासरी वापर भागतो. सरासरी ४५० निघाली तर ३ किलोवॅट पुरणार नाही, ९० युनिट महावितरणचेच लागतील, हे त्याच बिलावर पेनाने लिहून दाखवायचं. दर पण त्याच बिलावरचा घ्यायचा, कार्डात छापलेला दर नको, कारण दर आणि स्लॅब बदलले की कार्डातला हिशोब खोटा ठरतो आणि ते ग्राहकाच्या आधी कोणाच्या लक्षात येत नाही. कार्डात फक्त हिशोबाची रिकामी चौकट ठेवा: सरासरी युनिट, सिस्टीमचे युनिट, फरक. तीन रकाने, बास.

"दुसरा वीस हजार कमी सांगतोय"

ही शंका सगळ्यात जास्त येते आणि कार्डातला हाच भाग सगळ्यात वाईट लिहिलेला असतो. एक तर त्यात स्पर्धकाची बदनामी असते, "लोकल व्हेंडर निकृष्ट माल वापरतात" वगैरे, किंवा स्वतःचं कौतुक. दोन्ही ग्राहकाला ओळखू येतं. शिवाय तो लोकल व्हेंडर काकांचा भाचा असू शकतो.

आधी विचार: "त्यांचं कोटेशन लेखी आहे का? बघू शकतो का?" नुसता तोंडी आकडा असेल तर तुलना करायला काहीच नसतं, आणि हे ग्राहकाच्याही लगेच लक्षात येतं.

कोटेशन असेल तर कार्डात चार ओळींची चौकट हवी, एका बाजूला आपलं भरलेलं, दुसऱ्या बाजूला रिकामं:

पॅनल डीसीआर आहेत का? सबसिडीसाठी भारतात बनलेल्या सेलचे डीसीआर पॅनलच लागतात. साधे पॅनल स्वस्त पडतात, पण मग सबसिडी नाही.

स्ट्रक्चर कसलं, गॅल्वनाइझिंग किती मायक्रॉन? कोटेशनमध्ये नुसतं "जीआय स्ट्रक्चर" लिहिलेलं असलं तर आकडा विचारून घ्यायचा.

अर्थिंग किती, लाइटनिंग अरेस्टर आहे का? एसी, डीसी आणि अरेस्टर अशी तीन वेगळी अर्थिंग पाहिजेत. स्वस्त कोटेशनमध्ये बऱ्याचदा एकच धरलेली असते.

नेट मीटरचं काम आणि पाच वर्षांची देखभाल रेटमध्ये आहे की वेगळी?

उत्तर मग एवढंच: "होऊ शकतं काका, स्वस्त असेल. दोन्ही कागद शेजारी ठेवून या चार ओळी भरू, मग तुम्हीच ठरवा." पुरावा म्हणजे ती चौकटच, जी काकांच्या समोर काकांच्या हाताने भरली जाते. रिकामं राहिलेलं घर ग्राहक स्वतः त्या दुसऱ्याला फोन करून विचारतो, आणि ते आपण काहीही बोलण्यापेक्षा जास्त काम करतं.

आणि हे पण कार्डात स्पष्ट लिहा, बरेच जण टाळतात: चारही ओळी सारख्याच निघाल्या तर तो खरंच स्वस्त आहे. तिथे रेपने नवीन कारणं शोधत बसायचं नाही, मॅनेजरला फोन लावायचा आणि रेट बसतो का विचारायचं, नसेल बसत तर तसं सांगायचं. ही ओळ नसेल तर पोरं काहीतरी बनवून सांगतात.

गच्चीच्या शंकेवर जास्त लिहीत नाही, तिथे फोटो सगळं काम करतो. तुम्ही स्लॅबला भोक न पाडता काँक्रीटच्या ठोकळ्यांवर स्ट्रक्चर उभं करत असाल तर त्याचा जवळून काढलेला फोटो, ड्रिल करून केमिकलने सील करत असाल तर त्याचा. जे करता तेच दाखवा. बसवणारी टीम ड्रिल करते आणि कार्डात ठोकळ्यांचा फोटो, असं होतं, म्हणून इन्स्टॉलेशनवाल्याला विचारल्याशिवाय हा ब्लॉक फायनल करू नका.

एक ब्लॉक मोबाईलच्या एका स्क्रीनवर

रकाने-रकाने पाडलेला टेबल लॅपटॉपवर छान दिसतो, मोबाईलवर बोटाने सरकवत बसायला लागतं. एकाखाली एक लावा आणि प्रत्येक शंकेला एक ब्लॉक, कायम त्याच क्रमाने. पूर्ण झालेला ब्लॉक असा दिसतो:

"लाईट गेली तर सोलरवर घर चालेल ना?"
लाईट जाणे, लोडशेडिंग, बॅकअप, बॅटरी, इन्व्हर्टर
आधी विचार: लाईट दिवसाला किती वेळ जाते?
उत्तर: नाही काका, लाईट गेली की ही सिस्टीम पण बंद होते. लाईनवर काम करणाऱ्या वायरमनला आपल्या घरातून शॉक बसू नये म्हणून ती मुद्दाम तशी बनवलेली असते. तुमचा घरचा इन्व्हर्टर-बॅटरी आहे तो तसाच चालू राहील.
दाखव: आपल्या साईटवर मेन बंद केल्यावर सोलर इन्व्हर्टर थांबतो त्याचा व्हिडिओ
हे बोलू नको: "बॅकअप मिळेल"
तपासलं: तारीख, नाव

स्क्रीनवर मावत नसेल तर अक्षर बारीक करू नका, शब्द कमी करा. रेप बऱ्याचदा गच्चीवर उन्हात उभा राहून वाचत असतो. आणि पहिल्या स्क्रीनवर लोगो, कव्हर, अनुक्रमणिकेची सजावट काही नको, सहा शंकांची यादी आणि प्रत्येकीवर टॅप केलं की तिथे जाणारी लिंक, एवढंच.

रेपच्या हातात देऊन तपासा

पाठवायच्या आधी दोन रेप घ्या, एक जुना आणि एक अगदी नवीन. त्यांच्या स्वतःच्या फोनवर फाईल द्या. तुम्ही ग्राहक व्हा आणि शंका बोला, पण कार्डातल्या शब्दात नाही, वेगळ्या शब्दात, "स्लॅबला काही होणार नाही ना" असं. उत्तर सापडेपर्यंत किती सेकंद गेले ते बघा. १० च्या आत सापडायला पाहिजे. जास्त लागत असेल तर तो कुठे अडकला ते नीट बघा, कारण प्रत्येक ठिकाणाचं औषध वेगळं आहे. यादीतच शोधत राहिला तर मथळा चुकलाय. सर्च केलं आणि सापडलं नाही तर शोधायचे शब्द कमी आहेत. ब्लॉकवर पोचला पण गप्प झाला तर उत्तर बोलण्यासारखं लिहिलेलं नाही. आणि उत्तर बोलला पण तुम्ही "कशावरून?" विचारल्यावर लिंक उघडत नव्हती तर फोल्डरची परवानगी तपासा, ही फारच कॉमन गोष्ट आहे, ऑफिसच्या लॉगिनवर उघडतं आणि फिल्डवर "रिक्वेस्ट अॅक्सेस" येतं. गावात रेंज नसते तिथे फोटो आणि व्हिडिओ आधीच फोनमध्ये उतरवून ठेवायला सांगा.

नवीन रेपने उत्तर स्वतःच्या शब्दात बदलून सांगितलं तर थांबवू नका, ऐका. बऱ्याचदा त्याचं वाक्य तुमच्यापेक्षा सोपं असतं, तेच कार्डात घ्या. फक्त आकडा आणि "हे बोलू नको" ची ओळ, या दोन गोष्टी त्याने बदलायच्या नाहीत.

जुनं कार्ड मारायचं कसं

व्हॉट्सअॅपवर गेलेलं पीडीएफ परत येत नाही. सहा महिन्यांनी पण कोणीतरी जुनंच उघडून बसलेला असतो. म्हणून शक्य असेल तर पीडीएफ पाठवूच नका, एकच लिंक द्या आणि फाईल तिच्या जागेवर बदलत जा. पीडीएफच द्यायचं असेल तर पहिल्या ओळीत मोठ्या अक्षरात "या तारखेनंतर वापरू नका" लिहा, तीन महिन्यांच्या पुढची तारीख टाका, आणि ती खरंच पाळा.

सगळे ब्लॉक सारखे जुने होत नाहीत. वायरमनचं उत्तर वर्षानुवर्षं तसंच राहील. पण सबसिडी, नेट मीटरचे नियम आणि दर या तीन गोष्टी बदलतात, त्यांच्या "तपासलं" च्या ओळीपुढे रंगीत खूण करा आणि एका माणसाचं नाव टाका जो दर महिन्याला pmsuryaghar.gov.in आणि महावितरणची परिपत्रकं बघेल. "टीम बघेल" असं लिहिलं की कोणीच बघत नाही. आणि त्याच माणसाने व्हॉट्सअॅप ग्रुपवर पण लक्ष ठेवायचं, तिथे "सर ग्राहक विचारतोय, काय सांगू" असा मेसेज आला की तो शीटमध्ये चढवायचा, तीच शंका दोन-तीन वेगवेगळ्या रेपकडून आली की कार्डात नवीन ब्लॉक, आणि त्याच वेळी सगळ्यात कमी विचारला जाणारा ब्लॉक बाहेर.